मदत हवी आहे: फुफ्फुसाभोवतीच्या पाण्याचा रिपोर्ट निगेटिव्ह, तरी बायोप्सी करावी का?

वडील 1980च्या दशकात बॉयलरच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं आवरण चढवायचे. आता धाप लागते, उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी झालंय, सीटीत तिथलं आवरण जाड दिसतंय. डॉक्टरांना मेसोथेलिओमाची, म्हणजे ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरची शंका आहे. इतक्या वर्षांनी कसं, विचारलं तर म्हणाले, ॲस्बेस्टॉसचे रुतलेले तंतू शरीराला पचवता येत नाहीत. दाह धुमसत राहतो, पेशींच्या जनुकांत बिघाड साठत जातात, त्यात 20 ते 50 वर्षं जातात. काढलेल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, पण या आजारात तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही म्हणे. म्हणून थोरॅकोस्कोपीने, म्हणजे छातीत दुर्बीण घालून बायोप्सी सुचवलीय. कुणाच्या घरी झालीय का? वयस्कर माणसाला कितपत झेपते? आणि त्यांचे धुळीचे कपडे आईच धुवायची, तिलाही दाखवून घ्यावं का?