चर्चा: लांब गॅस लाइनला समतापी सूत्र हवंच का, की साध्या डार्सीवर भागतं?

सिन्नरकर
नाशिकहून सिन्नरच्या बाजूला ३० किमीची जमिनीखालची स्टीलची लाइन, असा कागदी हिशोब चालू आहे. आतला व्यास २०० मिमी, नैसर्गिक वायू, सुरुवातीचा दाब २० बार (अ‍ॅब्सोल्यूट), तासाला साधारण ११,१०० किलो गॅस न्यायचा आहे. सहकारी म्हणतो, घर्षणाने होणाऱ्या दाबघटीचं डार्सीचं सूत्र लावलं की शेवटी १२.५ बार मिळतात. गॅसचं तापमान स्थिर धरणाऱ्या समतापी सूत्राने मला १० बारच मिळतात. ग्राहकाला किमान ११ हवेत. कोणाचं खरं धरायचं? माझं मत असं की समतापी सूत्र इथे सक्तीचं आहे, डार्सी पाण्यासाठी ठेवावा.

वायुवाट
आकडा तुमचा बरोबर आहे. सहकाऱ्याने बहुधा पूर्ण ३० किमीसाठी सुरुवातीचीच घनता धरली असणार. २० बारला हा गॅस घनमीटरला १४ किलोच्या आसपास भरतो, १० बारला त्याच्या निम्मा. वस्तुमान तेवढंच आणि पाइपही तोच, म्हणून वेग दुप्पट होतो: सुरुवातीला सेकंदाला ७ मीटर, शेवटी १४. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला मागच्यापेक्षा जास्त दाब खर्च होतो. तो वाढता खर्च त्या हिशोबात येतच नाही.

सूत्र हे:

```
P1^2 - P2^2 = G^2 * Z*R*T * ( f*L/D + 2*ln(P1/P2) )
m = G * A
```

G म्हणजे पाइपाच्या दर चौरस मीटर छेदातून सेकंदाला जाणारं वस्तुमान, A तो छेद, f घर्षण गुणांक, Z म्हणजे गॅस आदर्श वायूपासून किती ढळतो त्याचा गुणांक. R हा त्या गॅसचा स्वतःचा स्थिरांक, म्हणजे ८३१४ भागिले रेणुभार. रेणुभार १७ धरला तर ४८९. तापमान ३०० केल्विन, Z ०.९७, मग ZRT साधारण १,४२,३०० येतो. घर्षण गुणांकासाठी आधी अंदाजे ०.०१४५ घ्या, प्रवाह काढा, त्यावरून रेनॉल्ड्स काढा. तो सुमारे १८ लाख येतो. खडबडीतपणा ०.०४५ मिमी धरून कोलब्रुकमध्ये घातलं की f ०.०१४६ वर स्थिरावतो. एका फेरीत काम होतं.

fL/D झाला २१९०. लॉगची संज्ञा जेमतेम १.४, लांब लाइनीत ती सोडली तरी चालते. दाबांच्या वर्गांचा फरक ३ × १०^१२, त्यावरून G ९८ आणि वस्तुमान प्रवाह सेकंदाला ३.०८ किलो. तासाला ११,१०० किलो, म्हणजे तुमचा आकडा जुळला. ११ बारची अट मात्र या व्यासात या प्रवाहाला बसत नाही.

मोजपट्टी
सूत्राला हरकत नाही, पण "डार्सी पाण्यासाठी ठेवावा" हे पटत नाही. २० आणि १० ची सरासरी १५ बार. त्या दाबाची घनता १०.५४ घेऊन तोच डार्सी लावून बघा, घट बरोबर १० बार येते. मग नवं सूत्र कशाला? चूक सुरुवातीची घनता घेण्यात होती, डार्सीत नव्हती.

वायुवाट
तुमचं म्हणणं निम्मं अगदी बरोबर आहे, आणि ते का जुळतं हे सांगायलाच हवं. वर्गांचा फरक म्हणजे (P1−P2) गुणिले (P1+P2). त्यातला दुसरा कंस म्हणजे सरासरी दाबाची दुप्पट. लॉगची संज्ञा सोडली तर दोन्ही एकच सूत्र आहेत. योगायोग नाही.

पण दोन ठिकाणी माणूस फसतो. एक, सरासरी काढायला शेवटचा दाब लागतो आणि शोधायचा तर तोच असतो. मग अंदाज, हिशोब, परत अंदाज. वर्गांचं सूत्र तो एका झटक्यात देतं. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. लाइनीतला दाब सरळ रेषेत उतरत नाही, शेवटाकडे तो जास्त जोराने पडतो, म्हणून लांबीभरचा खरा सरासरी दाब १५ नसून १५.५६ बार आहे. Z काढायला आणि लाइनीत किती गॅस साठलाय हे काढायला तोच वापरायचा. कोणी हुशारी करून हाच १५.५६ डार्सीत घातला, तर घट ९.६ बार येते. ते चूक आहे.

मोजपट्टी
हे मान्य. पण मग वाद सूत्राचा राहिलाच नाही, घनता कुठली घ्यायची एवढाच उरला.

तापमापी
माझी शंका मुळात "समतापी" शब्दावर आहे. दाब पडला की नैसर्गिक वायू थंड होतो, बारला अर्ध्या अंशाच्या जवळपास. १० बारला ४-५ अंश. वर कॉम्प्रेसरमधून गॅस ५० अंशांना बाहेर पडत असेल, तर सुरुवातीचे कित्येक किलोमीटर तापमान स्थिर नसणार. अशा लाइनीला रुद्धोष्म, म्हणजे उष्णता आत-बाहेर जात नाही असं धरणारा हिशोबच लावायला हवा.

वायुवाट
५० अंशांचा मुद्दा खरा आहे. आता त्याची किंमत मोजू. ३.०८ किलो गुणिले २२५० विशिष्ट उष्मा, म्हणजे अंशाला ६९०० वॉट. जमिनीत पुरलेल्या पाइपाला चौरस मीटरला २ वॉट प्रति अंश धरले, तर मीटरभर लांबीतून अंशाला सव्वा वॉट निघून जातात. या दोघांचा भागाकार साडेपाच किमी. तेवढ्या अंतरात गॅस आणि मातीच्या तापमानातला फरक एक तृतीयांशाच्या थोडा वर उरतो. माती ३०० केल्विन, म्हणजे २७ अंशांना धरली, तर सुरुवातीचा २३ अंशांचा फरक साडेपाच किमीवर ८-९ अंश, पुढच्या तेवढ्यात ३. पूर्ण ३० किमीवर सरासरी चार-साडेचार अंश जास्त पडतात, आणि प्रवाहावर त्याचा परिणाम एक टक्क्याच्या आत राहतो.

दाब उतरल्याने येणारा थंडावा ३० किमीवर पसरलेला असतो आणि माती तो भरून काढते. तो खरा त्रास देतो रेग्युलेटरपाशी, जिथे २५ बार एकाच जागी उतरतात.

रुद्धोष्म घेतलंत तरी आदर्श वायूचं तापमान इथे जवळजवळ हलत नाही, कारण १४ मीटर वेगाची गतिज ऊर्जा म्हणजे अंशाच्या शंभरातले चार भाग. या लाइनीत दोन्ही पद्धतींची उत्तरं जवळपास एकच येतात. समतापी प्रवाह कोंडण्याची मर्यादा ZRT च्या वर्गमुळाशी, म्हणजे ३७७ मीटरला येते, तिच्या आपण जवळपासही नाही.

तापमापी
मग भांडायचं कशावर?

वायुवाट
खडबडीतपणावर आणि व्यासावर. ०.०४५ ऐवजी ०.१ मिमी घेतला की f ०.०१७ होतो. तेवढाच गॅस न्यायचा तर शेवटी १० नाही, ७.१ बार राहतात. तापमानाच्या वादाने एवढा फरक कधी पडणार नाही. आणि f डार्सीचा की फॅनिंगचा, हे तक्त्यावर बघूनच घ्या. फॅनिंगचा आकडा या सूत्रात गेला तर प्रवाह थेट दुप्पट दिसतो. ६ किलोच्या वर उत्तर आलं की पहिला संशय तिथेच घ्यायचा.

अंबडचा फिटर
माझ्याकडे अशीच भानगड आहे. शॉपमध्ये १८० मीटरची एक इंची हवेची लाइन, कॉम्प्रेसरला ७ बार, शेवटच्या मशीनला साडेपाच. हे सूत्र तिथे चालेल का? आणि शेवटी रेग्युलेटर लावून दाब वाढवता येईल का?

वायुवाट
दादा, रेग्युलेटर दाब कमी करतो, वाढवत नाही. सूत्र चालतं, पण गेजच्या आकड्यात नाशिकचं वातावरण मिळवा. इथे समुद्रसपाटीपासून उंची ६०० मीटरच्या आसपास, म्हणून ते १.०१ नाही, ०.९४ बार. तुमच्या दाबाला हा फरक किरकोळ, अर्ध्या बारच्या लाइनीला मोठा. ढोबळ मानाने ८ वरून ६.५ बार, आतला व्यास २७ मिमी, जुन्या पाइपाचा f ०.०२५: मिनिटाला साधारण साडेतीन घनमीटर मोकळी हवा जात असणार. तेवढ्याच हवेला दीड इंची पाइप, आतून ४१ मिमी, टाकलात तर घट दीड बारवरून ०.२ च्या आत येते, कारण व्यासाचा पाचवा घात लागतो. कोपरे थोडेच असतील तर त्यांचा हिशोब नंतर बघू.

सिन्नरकर
मूळ मुद्द्यावर येतो. ग्राहक ११ ची अट सोडून ५ बारवर चालवायला तयार झाला तर प्रवाह दुप्पट होईल का? घट तर १० वरून १५ होते.

मोजपट्टी
दुप्पट नाही, पण दीडपट तरी होईल.

वायुवाट
दीडपटही नाही. ४०० वजा १०० म्हणजे ३००, ४०० वजा २५ म्हणजे ३७५. त्यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ १.१२. शेवटचा दाब निम्मा केलात आणि मिळाले फक्त १२ टक्के, ३.४४ किलो. वर शेवटचा वेग ३१ मीटरवर गेला, आवाज आणि धूळ दोन्ही वाढणार. शेवट अगदी १ बारला सोडलात तरी ३.५५ च्या पुढे जात नाही. उलट सुरुवातीचा दाब २० वरून २४ केला आणि शेवटी १० च ठेवले, तर ३.८८ मिळतात. पाइपाच्या दाबाची परवानगी असेल तर पैसा तिथे घाला. नसेल तर व्यास बदला.

मोजपट्टी
हे मान्य, दीडपट म्हणणं चुकलं. आता एक प्रत्यक्षातला प्रश्न. १५ किमीवरच्या व्हॉल्व्ह स्टेशनला गेजच्या आकड्यात वातावरण मिळवून १४.८ बार येतात, दोन्ही टोकं २० आणि १०. सरळ सरासरीला जवळ आहे, म्हणजे ठीकच ना?

वायुवाट
ठीक नाही. सरळ रेषेत दाबाचा वर्ग उतरतो, दाब नाही. मध्यावर ४०० आणि १०० ची सरासरी २५०, म्हणजे १५.८ बार दिसायला हवेत. १४.८ चा वर्ग २१९. पहिल्या निम्म्या लाइनीने १८१ खाल्ले, दुसऱ्या निम्म्या लाइनीने ११९. गेज तपासून तो बरोबर निघाला, तर पहिल्या १५ किमीत अडथळा आहे: अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, साचलेलं पाणी, नाहीतर गंज आणि माती.

तापमापी
किंवा मधे कोणीतरी गॅस घेतोय. पहिल्या भागात २३ टक्के जास्त प्रवाह असला तरी हेच आकडे येतात. अडथळा म्हणण्याआधी दोन्ही टोकांचे मीटर जुळवा.

वायुवाट
बरोबर. फाटा बंद करून पुन्हा वाचा. एकच प्रवाह असेल तर तो कितीही असो, मध्यावरचा वर्ग दोन्ही टोकांच्या वर्गांची सरासरी असायला हवा. तरीही कमी आला तर अडथळाच.

तापमापी
पण फाटा बंद केला की पहिल्या भागातला वेग उतरतो, आणि खोलगट भागात पाणी असेल तर कमी वेगाला ते जास्त साचतं. म्हणजे चाचणीच अडथळा वाढवते. दोन वेगवेगळ्या प्रवाहांवर वाचन घेतल्याशिवाय मी निकाल देणार नाही.

वायुवाट
दोन वाचनं घ्या, हरकत नाही. पण पाण्याचा संशय असेल तर पिग, म्हणजे पाइप आतून साफ करत जाणारा बोळा, सोडल्याशिवाय पुढची बेरीज-वजाबाकी करण्यात मला अर्थ दिसत नाही.

मोजपट्टी
सगळ्या लाइनींना पिग सोडायची सोय नसते हो. मी आधी दोन वाचनंच घेणार.