पट्टीत नवऱ्याचं नाव निघालं, म्हणून सोयरीक थांबवायची?

हर्णेकर
धाकट्या बहिणीचं देवगडच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. मुलाचं नाव सचिन. आईच्या आग्रहाखातर केंद्रात जाऊन नाडीपट्टी, म्हणजे ताडपत्रावर लिहिलेलं भविष्य, काढली. बहिणीच्या डाव्या अंगठ्याच्या ठशावरून पट्टी सापडली, आई-बाबांची नावं अचूक निघाली. लग्नाच्या सातव्या कांडात आलं की नवरा 'प' अक्षराचा, पूर्वेकडून किंवा उत्तरेकडून येणारा. सोयरीक थांबवलीय. बाबा एकटेच मानत नाहीत. हसणाऱ्यांनी आधी स्वतः अनुभव घ्यावा. बाबांना कसं पटवू, तेवढं सांगा.

दाभोळखाडी
भाऊ, अनुभव घेतलाय, म्हणूनच लिहितेय. हसत नाही. माझ्या धाकट्या भावाची ठरलेली सोयरीक अशाच पट्टीवर मोडली. ती मुलगी आजही नात्यातल्या लग्नांत समोर येते आणि मला मान वर करून बोलवत नाही.

त्या दिवशी माझ्या फोनवर सुरुवातीपासूनचं रेकॉर्डिंग चालू होतं. केंद्राने दिलेली सीडी पट्टी सापडल्यानंतर सुरू होते, माझं रेकॉर्डिंग आम्ही सतरंजीवर बसल्यापासूनचं होतं, एक तास बारा मिनिटांचं. सोयरीक मोडल्यावर दोन महिन्यांनी मी ते अकरा फुलस्केप पानांवर उतरवून काढलं. मध्ये रेघ मारली. डावीकडे वाचकाने आम्ही बोलण्याआधी सांगितलेलं, उजवीकडे आमच्या तोंडून गेलेलं.

आईचं नाव असं आलं. 'आईचं नाव देवीचं?' नाही. 'तीन अक्षरी?' हो. 'त्यात ल आहे?' हो. मग वाचकाने तमिळमध्ये काहीतरी म्हटलं, दुभाष्या म्हणाला, 'सुशीला?' आणि आमची आत्या माझ्या कानाशी कुजबुजली, 'सुशीला नाही गं, सुलभा.' दुभाष्याला मराठी येत होतं, तो आमच्याशी मराठीतच बोलत होता. त्यानंतर आणखी चार पट्ट्या 'ही तुमची नव्हे' म्हणून बाजूला गेल्या आणि पाचव्या पट्टीत सुलभा निघाली. वाचकाने सुरात गाऊन सांगितलं. आई रडली. मीही रडले. घरी आल्यावर सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते गाणं. आत्याची कुजबुज कुणालाच आठवत नव्हती, आत्यालासुद्धा.

मोजले तर एकूण ५८ प्रश्न, त्यांतल्या ३९ना आमचं 'नाही'. पण तिथे 'नाही' म्हणजे वाचकाची चूक धरत नाहीत, पट्टी बदलतात. प्रत्येक 'नाही'ने त्याला काहीतरी कळतं आणि त्याचं काहीच जात नाही. बेताने विचारलेले वीस हो-नाही प्रश्न दहा लाखांतून एक जण वेगळा काढायला पुरतात, इथे तर ५८ होते. डाव्या रकान्यात शेवटी काय उरलं? 'आजोबांच्या जागेचा वाद' आणि 'लहानपणी पाण्याची भीती'. दाभोळला हे कुणाच्या घरात नाही?

म्हणून बाबांना पटवू नका, त्यांनाच कागद घेऊन बसवा. आई-बाबांची नावं बरोबर आली यावर सातवं कांड तोलू नका. ती नावं तुमच्या डोक्यात आधीपासून होती आणि 'हो, नाही' करत बाहेर आली. होणाऱ्या नवऱ्याचं नाव त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तिथे एक अक्षर आणि दोन दिशा मिळाल्या. पूर्ण नाव का नाही आलं, हे आईला एकदा शांतपणे विचारा.

आणि दिशा बघा. तुम्ही हर्णेचे. पश्चिमेला समुद्र. पुणे, सातारा, कोल्हापूर सगळं पूर्वेच्या बाजूला, मुंबई, ठाणे, अलिबाग उत्तरेला. दक्षिणेला तळकोकण तेवढं उरतं, आणि नेमकं तुमचं स्थळ तिथलं म्हणून ते चुकीचं ठरलं! किनाऱ्यावरच्या मुलीला 'पूर्व किंवा उत्तर' सांगणं म्हणजे बहुतेक सगळी स्थळं सांगणं.

लिपीवाचक
ताईंचं बरोबर आहे, एक भर घालतो. मी तंजावरला दोन वर्षं हस्तलिखितांच्या सूचीचं काम केलंय. तमिळमध्ये प, फ, ब, भ यांना एकच अक्षर. क, ख, ग, घ यांनाही एकच. शिवाय जुन्या ताडपत्रांवर अक्षरात स्वर नाही हे दाखवणारा वरचा टिंब सहसा देत नसत, लोखंडी लेखणीने पान फाटायची भीती असे. म्हणजे 'प' निघालं यात प्रकाश, बाळकृष्ण, भास्कर, फाल्गुन सगळे मावतात.

हर्णेकर, पट्टीचा स्पष्ट फोटो मागा, नावाची ओळ बोटाने दाखवलेला. जुनं ताडपत्र वाचणाऱ्या तमिळ माणसाकडे तो पाठवा आणि नाव सांगू नका. 'या ओळीत काय लिहिलंय' एवढंच विचारा. असे तीन फोटो माझ्याकडे आले. एकात वैद्यकातला श्लोक होता, दुसऱ्यात देवस्तुती, तिसरा इतका अस्पष्ट की वाचलाच नाही.

तुतारी
तिसरा वाचता आला नाही म्हणता, मग निकाल कसा लावता? आणि संस्कृत नावांसाठी तमिळमध्ये ग्रंथ लिपीची अक्षरं वापरतात, ते का नाही सांगितलंत? माझ्या पट्टीत माझ्या बायकोचं नाव होतं. अंगठ्याचे १०८ प्रकार असतात, त्यावरून गठ्ठा काढतात, हे शास्त्र आहे. पट्टीची कार्बन चाचणी झाली तर तिचं वय कळेल. ते बघा आधी.

लिपीवाचक
ग्रंथ अक्षरांचं मान्य, मी अर्धंच सांगितलं. ती वापरली असतील तर ज, स, ह वेगळे दिसू शकतात. म्हणूनच फोटो हवा, नुसतं ऐकून चालणार नाही.

१०८चा हिशेब तुम्हीच करा. जगात ८ अब्ज माणसं, म्हणजे एका प्रकारात सात कोटींहून जास्त. अंगठा तुम्हाला त्या सात कोटींपर्यंत नेतो. पुढची निवड प्रश्नच करतात. आणि कार्बन चाचणीने ताडाचं पान झाडावरून कधी उतरलं ते कळतं, त्यावर अक्षरं कधी कोरली ते नाही. जुनं कोरं पान असू शकतं. बायकोचं नाव लग्नाआधी निघालं की नंतर?

तुतारी
नंतर. पण ती बरोबर नव्हती, मी एकटाच गेलो होतो.

दाभोळखाडी
तुम्ही होतात ना. पट्टी सापडली का हे ठरवताना बायकोचं नाव जुळतंय का, असं तुम्हालाच विचारलं असणार.

तुतारी
विचारलं होतं. म्हणून सगळं खोटं ठरत नाही.

तळकोकणी
माका एक समजत नाय. आमच्या गावात लग्न ठरवच्या आधी गुरव देवळात गाऱ्हाणा घालता, कळे लावता. उजवो कौल पडलो तर पुढे जातत. तेका कोण काय म्हणत नाय. तमिळ माणसाची पट्टी मात्र खोटी? माझ्या बहिणीचा कौल डावो पडलो, आम्ही नको म्हटला, आणि त्या मुलाचो पुढे दारूपायी संसार मोडलो.

दाभोळखाडी
तुमच्या बहिणीचं चांगलं झालं, आनंद आहे. पण कौलाने नवऱ्याचं नाव सांगितलं होतं का? कौल हो किंवा नाही म्हणतो, सगळ्या गावासमोर, आणि आधीच्या तासाभरात गुरव तुमच्या घरातली नावं विचारत नाही. डावे कौल पडूनही सुखात नांदणारी घरं माझ्याच वाडीत दोन आहेत. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

तळकोकणी
म्हणजे आमचो देवही खोटो! सरळ बोला ना.

दाभोळखाडी
असं मी म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका. ग्रामदेवतेला मीही नारळ ठेवते. पण कुणाच्या मुलीचं स्थळ त्यावर मोडू नये, हे मी देवळातही म्हणेन. म्हटलंही आहे, आणि त्या वर्षी पालखीत आमच्या घराकडे मानकरी थांबले नाहीत.

तळकोकणी
पालखी न थांबण्याचा आमच्या आवशीक सगळ्यात वायट वाटला असता. तुमचा दुःख समजता. पण कौल आणि पट्टी एकाच माळेत ओवू नका, तेवढाच माझा म्हणणा.

वेळणेश्वरची सून
मध्येच विचारते, राग मानू नका. आम्हाला तेराव्या कांडात शांती सांगितलीय, सात देवळं आणि रोजचा दिवा. केंद्रातूनच करवून घेतली तर खर्च बराच आहे. ती इथे आपल्या गुरुजींकडून केली तर चालते का? मुलीचं लग्न अडलंय म्हणून.

लिपीवाचक
वहिनी, देवळात जायची इच्छा असेल तर जरूर जा, त्यासाठी केंद्रात पैसे भरायची गरज नाही. पण पैसे भरण्याआधी मुलीचं सातवं कांड पुन्हा वाचा. लग्न कोणत्या वर्षी, याची तारीख दिलीय का? की 'दोष गेल्यावर'? दोष गेल्यावर असं लिहिलं असेल तर लग्न झालं तरी पट्टी खरी, नाही झालं तरी शांती अपुरी. अशा वाक्याला चूक होण्याची जागाच ठेवलेली नसते.

वेळणेश्वरची सून
दोष गेल्यावर असंच आहे. यांना दाखवते.

हर्णेकर
दोन दिवस लिहिलं नाही. राग आला होता, विशेषतः समुद्राच्या मुद्द्याचा, कारण तो मला सुचायला हवा होता. बहिणीच्या फोनवर सगळं रेकॉर्डिंग निघालं. काल रात्री बाबांनी रेघ मारून दिली आणि मी लिहीत गेलो. पंधराव्या मिनिटाला दुभाष्या विचारतो, 'आधी एखादं स्थळ येऊन मोडलं?' आई म्हणते, 'हो, प्रशांतचं, गेल्या वर्षी.' मग चाळीस मिनिटांनी 'प' येतो.

फोटो मागितला, तर पट्टीचा फोटो काढायची परवानगी नाही म्हणाले. वही देतो म्हणाले, ती त्यांच्याच हस्ताक्षरातली आहे.

सगळं पटलं असं म्हणत नाही. बाबांचं नाव कसं आलं ते अजून सापडलेलं नाही, तिथे आवाज घासल्यासारखा आहे.

दाभोळखाडी
ते नाही सापडलं तर डाव्या रकान्यातच ठेवा. प्रामाणिकपणे ठेवा. आई काय म्हणतात?

हर्णेकर
आईला फक्त प्रशांतचं सांगितलं. ती म्हणाली, 'बघ, म्हणजे पट्टीत प्रशांतच होता, आपणच त्याला नको म्हटलं.' आता ती प्रशांतच्या मावशीला फोन करायच्या गोष्टी करतेय. त्याचं जानेवारीत लग्न झालंय.

तुतारी
एवढं ताणू नये, हे मीही म्हणेन.

हर्णेकर
देवगडला मी आज फोन केला. सचिनच्या वडिलांनी उचलला, कारण विचारलं नाही, फक्त 'रविवारपर्यंत काय ते कळवा' म्हणाले. उद्या सकाळी आईला शेजारी बसवून रेकॉर्डिंग ऐकवतो. पंधराव्या मिनिटापासून नाही, पहिल्यापासून.