शब्दचर्चा : चेहऱ्यावरचा ‘भाव’ की चेहऱ्याची ‘मुद्रा’?

वर्णनिका
ज्यांना चित्र दिसत नाही अशा वाचकांसाठी मी जुन्या छायाचित्रांची वर्णने लिहिते. त्यांना चेहरा माझ्या शब्दांतूनच कळणार असल्यामुळे एकेका विशेषणाचा मला पुन्हा पुन्हा विचार करावा लागतो. सध्या अलेक्झांडर गार्डनर यांनी १८६५ साली टिपलेले अब्राहम लिंकन यांचे छायाचित्र माझ्यासमोर आहे. निगेटिव्हची काच तडकल्यामुळे ज्याच्या वरच्या भागातून एक रेघ गेली आहे, तेच हे छायाचित्र. मी ‘चेहऱ्यावर समाधानाचा भाव आहे’ असे लिहिले होते. माझ्या सहकाऱ्यांनी ते खोडून ‘मुद्रा खिन्न आहे’ असे केले. भाव, मुद्रा आणि चर्या या शब्दांत आपण नेमका काय फरक करता, आणि येथे कोणते विशेषण योग्य ठरेल?

जुनी_लेखणी
‘व्यक्तिचित्र’ हा शब्द शब्दांत रेखाटलेल्या माणसांसाठीही रूढ झालेला असल्यामुळे येथे ‘छायाचित्र’ हाच शब्द ठेवावा असे माझे मत आहे. रंगवलेल्या चित्रासाठी ‘शबीह’ हा जुना शब्दही उत्तम आहे.

वर्णनिका
आभारी आहे. मात्र माझी अडचण चित्रप्रकाराच्या नावाची नाही, चेहऱ्यावर जे दिसते त्याला काय म्हणावे याची आहे.

सरळरेघ
त्या काळी छायाचित्रासाठी कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे आणि मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. इतका वेळ हसू टिकवणे अशक्य असल्यामुळे त्या काळातील सर्वच चेहरे गंभीर दिसतात. तेव्हा समाधान आणि खिन्नता हे दोन्ही शब्द काढून ‘निर्विकार मुद्रा’ असे लिहावे.

काचपट्टी
डोक्यामागच्या आधाराची माहिती बरोबर आहे, मिनिटांची मात्र या छायाचित्राला लागू पडत नाही. कित्येक मिनिटांचे एक्सपोजर १८३९ च्या सुमाराच्या पहिल्या डॅगेरोटाइपांना, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरच्या छायाचित्रांना, लागत असे. १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची, म्हणजे काचेवर रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच छायाचित्र घेण्याची, पद्धत आली आणि १८६५ पर्यंत चांगल्या उजेडात काही सेकंद पुरेसे होऊ लागले. तेवढा वेळ स्मित टिकवता येते, पण ते ताठरते. गंभीर चेहऱ्यामागे एक्सपोजरइतकाच त्या काळचा संकेतही होता, कारण छायाचित्रासाठी बसणे हा औपचारिक प्रसंग मानला जाई.

‘खिन्न’ या शब्दाबाबत मला अधिक काळजी वाटते ती काचेच्या रसायनामुळे. कोलोडियनची काच निळा आणि जांभळा प्रकाश टिपते, तांबडा जवळपास टिपतच नाही. त्यामुळे उन्हाने रापलेली कातडी, तांबूस डाग आणि गालांची लाली प्रत्यक्षापेक्षा काळी उमटते, सुरकुत्या खोल दिसतात आणि निळसर डोळे फिके पडतात. त्यातच उजेड वरून येत असेल, तर भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत साचते. हे सगळे एकत्र आले की समोरचा माणूस थकलेला आणि दुःखी आहे असे आपल्याला वाटू लागते. लिंकन त्या काळात थकलेले नव्हते असे मी म्हणत नाही. पण त्या काळोखातला किती भाग त्यांच्या थकव्याचा आणि किती काचेचा, हे एकट्या या छायाचित्रावरून सांगता येत नाही.

मंदाक्रांता
माझा अनुभव सांगते. माझ्या ओठांचे कोपरे जन्मतःच खाली झुकलेले आहेत. ओळखपत्रावरचे माझे छायाचित्र पाहून नव्या कार्यालयातील लोकांनी मला रागीट ठरवले आणि काही महिने कोणी आपणहून बोलायला येत नसे. ते छायाचित्र काढले तेव्हा मी अगदी आनंदात होते. म्हणून चेहऱ्याच्या ठेवणीला ‘भाव’ म्हणू नये असे मला मनापासून वाटते.

काचपट्टी
आपण म्हणता ती ठेवण लिंकन यांच्याबाबतीतही महत्त्वाची आहे. त्यांच्या हयातीत चेहऱ्यावरून घेतलेले दोन साचे उपलब्ध आहेत, एक १८६० चा आणि दुसरा १८६५ चा. त्यांच्या मोजणीतून चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा लहान असल्याचे दिसले आहे. छायाचित्राचा अर्धा भाग कागदाने झाकून दुसरा पाहावा, मग उलट करावे. दोन्ही अर्ध्यांतून वेगवेगळी मनःस्थिती वाचली जात असेल, तर आपण मन वाचत नसून हाडांची ठेवण वाचत आहोत.

आता ‘समाधाना’विषयी. हे छायाचित्र १० एप्रिल १८६५ चे, म्हणजे हत्येच्या काही दिवस आधीचे, असे दीर्घकाळ मानले जात होते. आदल्याच दिवशी अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली होती, त्यामुळे ओठांवरच्या पुसट स्मितात लोकांना युद्ध संपल्याचे समाधान दिसले आणि डोळ्यांत जवळ आलेल्या मृत्यूची छाया. पुढे तारीख ५ फेब्रुवारी १८६५ अशी निश्चित झाली. त्या दिवशी युद्ध चालूच होते आणि दोनच दिवसांपूर्वी हॅम्प्टन रोड्स येथील तहाची बोलणी निष्फळ ठरली होती. चेहऱ्यावरची एकही रेषा बदलली नाही, आणि तरीही त्या समाधानाचा आधार गेला.

सरळरेघ
मिनिटांबाबतची दुरुस्ती मान्य आहे. मग आता नव्या तारखेनुसार ‘अपेक्षाभंगाचे म्लान हास्य’ म्हणणे अधिक अचूक होणार नाही का?

काचपट्टी
त्यानेही तीच चूक होईल. ३१ जानेवारीला गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात संमत झाली होती. कोणी त्यावरून त्याच स्मिताला ‘विजयाचे’ म्हणाले, तर आपण त्यांना काय उत्तर देणार? त्या बैठकीत गार्डनर यांनी इतरही काचा टिपल्या. एका छायाचित्रात मुलगा टॅडही आहे. ती सारी शेजारी ठेवून पाहणे हा त्यातल्या त्यात विश्वासार्ह मार्ग आहे. एकाच बैठकीतल्या छायाचित्रांत माणूस कधी कठोर तर कधी मृदू वाटत असेल, तर त्यांतल्या एकावरून त्या दिवसांची मनःस्थिती सांगता येणार नाही. या तडकलेल्या काचेची तर गार्डनर यांनी एकच प्रत काढली आणि काच टाकून दिली.

अनुस्वार
मूळ प्रश्नाकडे येतो. मी ‘मुद्रा’ हा शब्द दिसणाऱ्या ठेवणीसाठी आणि ‘भाव’ हा मनातल्या गोष्टीसाठी राखून ठेवतो. ‘चर्या’ त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते आणि तिच्यात स्थायी स्वभावाची छटा आहे. नाट्यशास्त्राने बाह्य खुणेला ‘अनुभाव’ असे वेगळे नाव दिले, आणि रसनिष्पत्तीसाठी त्याच्या जोडीला विभाव, म्हणजे कारण आणि परिस्थिती, आवश्यक मानली. अश्रू हा शोकाचाही अनुभाव आहे आणि आनंदाचाही. छायाचित्रात आपल्याला अनुभाव मिळतो आणि विभाव आपण तारखेवरून पुरवतो. म्हणून ‘खिन्न मुद्रा’ हा प्रयोग मला खटकतो, कारण त्यात शब्द ठेवणीचा आणि विशेषण मनाचे आहे.

वर्णनिका
सर्वांचे म्हणणे विचारात घेऊन असे लिहिते आहे : ‘ओठ मिटलेले असून त्यांचे कोपरे किंचित वर वळलेले आहेत, डोळ्यांभोवती आणि गालांवर खोल रेषा आहेत, नजर कॅमेऱ्याकडे रोखलेली नाही.’ स्मित हा शब्दही मी टाळला आहे.

मंदाक्रांता
हे फार कोरडे वाटते. पाहू शकणाऱ्या माणसाला तो चेहरा क्षणात काहीतरी सांगून जातो. ऐकणाऱ्याला केवळ कोपरे आणि रेषा द्यायच्या, हा त्याच्यावर अन्याय आहे. ‘पुसट स्मित असल्यासारखे वाटते’ असे लिहिले, तर ‘वाटते’ या क्रियापदात पाहणाऱ्याची जबाबदारी येतेच.

अनुस्वार
‘वाटते’ला माझी हरकत नाही, पण कोणाला वाटते हे वाक्यात नसेल तर ऐकणारा ते सर्वमान्य धरून चालेल. ‘अनेकांना यात पुसट स्मित दिसते’ असे म्हणावे काय?

काचपट्टी
मी ‘अनेकांना’ स्वीकारेन, मात्र त्याच वाक्यात ५ फेब्रुवारी ही तारीख घालू नये. ती वेगळ्या ओळीत द्यावी. तारीख जवळ आली की ऐकणारा लगेच कारण जोडतो.

वर्णनिका
तारीख वेगळ्या ओळीत घेते. ‘स्मित’ ठेवावे की नाही याबाबत सहकाऱ्यांशी अजून एकमत झालेले नाही. ते अजूनही ‘खिन्न’वर ठाम आहेत.