मेंटेनन्सचे नवे संकेतस्थळ: आधी दहा रुपये

"नवी लिंक ग्रुपवर आली आहे, पत्त्याशेजारी कुलूपही दिसते, मग आजच मेंटेनन्स भरू का?"

कृपया अजून भरू नये. कुलपाच्या चिन्हावरून एवढेच कळते की आपण दिलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. संकेतस्थळ कोणाचे आहे हे कळत नाही, आणि ते चिन्ह फसवणूक करणाऱ्यालाही विनामूल्य मिळते.

खजिनदारसाहेबांनी प्रथम स्वतःच्या सदनिकेचे १० रुपये भरावेत आणि पिन टाकण्यापूर्वी यूपीआय ॲपवरील नाव संस्थेच्या नोंदणीकृत नावाशी ताडून पाहावे. तेथे एखाद्या व्यक्तीचे नाव आले, तर तिथेच थांबावे. पेमेंट गेटवे कंपनीचे नाव आले, तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही, कारण रक्कम आधी त्या कंपनीकडे जाते आणि साधारणतः एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी, कधी शुल्क वजा होऊन, संस्थेच्या खात्यात येते. म्हणून राजारामपुरीतील आपल्या शाखेत पासबुक भरून घ्यावे आणि ती नोंद दिसल्यावरच सचिवांनी सही-शिक्क्याची सूचना फलकावर लावावी; ग्रुपवरचा संदेश मला पुरेसा वाटत नाही.

कोणी आधीच रक्कम भरली असेल आणि शंका असेल, तर त्यांनी पासबुकाची वाट न पाहता बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.