उत्तर: दुसऱ्याचं पात्र आपल्या प्रकरणात

> मैत्रीण आणि मी मिळून एक कथा लिहितो, तिने तिच्या प्रकरणात माझ्या नायकाला परस्पर माफी मागायला लावली, हे चालतं का?

नाही चालत. इंदूरमध्ये घडणाऱ्या आमच्या दोघांच्या कथेत मी आणि माझा मित्र असं करतो की दुसऱ्याचं पात्र सराफा बाजारात आलं, कचोरी खाल्ली, दोन साधी वाक्यं बोललं इथपर्यंत लिहायची मोकळीक, पण माफी, कबुली, प्रेम, मरण असे निर्णय आणि मनातले विचार ज्याचं पात्र तोच लिहिणार, तिथे कंस टाकून जागा सोडायची. आणि दोघांनी हो म्हटलेलंच कॅनन, म्हणजे कथेत खरंच घडलेलं, म्हणून ती माफी अजून घडलेलीच नाही, मैत्रिणीला तसं सरळ सांगा. फक्त तिला तो प्रसंग कशाला हवा होता तेवढं विचारा, बहुतेकदा तिला भांडणाचा टोन हलका करायचा असतो, मग नायक माफी न मागता नुसता तिच्या पात्रासाठी थांबला तरी भागतं.