😥 ला मराठीत काय लिहायचं? धाकधूक, घालमेल की भांग?

अनुवादिका, रत्नागिरी: कॉलेजच्या मुलांसाठी एक तक्ता मराठीत करते आहे. मन ठीक नसेल आणि बोलणं जड जात असेल, तर मित्राला कोणता इमोजी पाठवायचा, असा. मी 😰 समोर 'चिंता' लिहिलं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'धाकधूक' केलं. 😥 समोर 'रडू येतंय' होतं, तेही खोडलं, पण बदली शब्द दिला नाही. तुम्ही काय लिहाल?

खाडीकाठ: 'धाकधूक' नको. ती निकालाआधी असते आणि निकाल लागला की संपते. 'चिंता' कशाची तरी असते, फीची, आईच्या तब्येतीची. कारण सापडत नाही, पोटात ढवळतं, हातपाय गार पडतात, त्याला 'घालमेल'. 😰 मध्ये कपाळ निळं आणि घाम थंड आहे, म्हणून घालमेलच.
😥 बाबत तपासणारे बरोबर आहेत. थेंब कुठे आहे ते बघा. 😢 चा थेंब डोळ्याखाली आहे, तो अश्रू. 😥 चा वर, भुवईपाशी, तो घाम. इमोजींच्या अधिकृत यादीतलं त्याचं मूळ इंग्रजी नाव 'निराश पण सुटका झालेला' अशा अर्थाचं आहे. मुलगी रडतेय म्हणून हा पाठवेल आणि मैत्रीण समजेल, चला, निभावलं एकदाचं.
😪 तर तक्त्यात घेऊच नका. सगळे त्याला रडका समजतात. तो नाकातला फुगा आहे, जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाची खूण.

शुद्धलेखन: मुळात 'इमोजी' कशाला? इमोशनवरून आलेला इंग्रजी शब्द. 'भावचित्र' म्हणा.

खाडीकाठ: इमोशनशी काही संबंध नाही. जपानीत 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजीशी जुळला तो योगायोग.

शुद्धलेखन: मग 'चित्राक्षर'. मुद्दा तोच.

देवगडवाला: कोणी वारल्याचा मेसेज आला तर 🙏 चालतो ना? की फुलं टाकावीत?

अनुवादिका, रत्नागिरी: दादा, तो विषय नाही. आपण स्वतःबद्दल सांगण्याचं बोलतोय.

वेंगुर्ल्याची: शब्दापेक्षा वापर बघा. नुसत्या 😰 मधून कधीपासून, किती आणि समोरच्याने काय करायचं, हे कळत नाही. म्हणून मित्राशी आधीच ठरवायचं, तेही मन बरं असताना. इमोजी, मग 1 ते 5 आकडा, मग हवं ते. '😰 4 ☎️' म्हणजे घालमेल फार आहे, फोन कर. '😰 2 🤐' म्हणजे माहीत असू दे, विचारू नकोस. मित्राचं उत्तरही ठरलेलं हवं, नाहीतर तो सवयीने 👍 टाकतो आणि पाठवणारा आणखी मिटतो.
आणि 😮‍💨 नको. तो दोन इमोजी जोडून केलेला आहे. जुन्या फोनवर 😮 आणि 💨 सुटे दिसतात, म्हणजे उसासा पाठवला आणि पोचलं काय, तर आश्चर्य आणि वारा.

तांडेल: उदास वाटणाक ओहोटी म्हणा, 🌊 टाका.

खाडीकाठ: ओहोटी सहा तासांत फिरते हो. उदासीला 'भांग' जास्त बसतो. अष्टमीच्या आसपास पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, दोन-तीन दिवस तसंच. रडूही येत नाही नि हसूही, ती ही अवस्था. घालमेल म्हणजे उधाण. मग 🌓 म्हणजे भांग, 🌕 म्हणजे उधाण. घरातल्या कोणी फोन बघितला तरी चंद्रच दिसेल.

तांडेल: उधाण अवसेकपण येता. 🌑 चा काय करतलात? आणि माका कोणी 🌕 धाडलो तर मी समजतलंय, होडी वर ओढूक सांगता.

शुद्धलेखन: 'उदास' शब्दातच 'उद्' अधिक 'आस्' आहे, बाजूला जाऊन बसणे. तो असताना भांग कशाला? शिवाय पुण्याच्या मुलाला भांग म्हणजे शिवरात्र किंवा केसांतली रेघ.

वेंगुर्ल्याची: तक्ता रत्नागिरीचा आहे, पुण्याचा नाही. आणि लपवण्याची सोय म्हणून चंद्र चांगला, पण एक खाच आहे. ज्याच्याशी ठरलंय, त्याच्याशिवाय कोणालाच कळणार नाही. जिवाचं बरंवाईट मनात येत असेल, तर चंद्र नको, आकडाही नको. 'मला एकटं सोडू नकोस' एवढं अक्षरांत लिहायचं. टेलिमानस या सरकारी मनोआरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर तक्त्याच्या तळाशी मोठा छापा, तो चोवीस तास चालू असतो.

अनुवादिका, रत्नागिरी: नंबर घातला. 😰 ला 'घालमेल' केलं. पण 😥 ची जागा अजून कोरी आहे आणि उद्या छपाई. ठेवू की काढू?

खाडीकाठ: काढा, 😢 ठेवा.

तांडेल: ठेवा. पोरांका थेंब खंय आसा ता कोण बघता?

शुद्धलेखन: तक्त्याचं शीर्षक काय आहे? 'इमोजी' अनेकवचनात 'इमोज्या' होत नाही, एवढं तरी बघा.

देवगडवाला: आमच्याकडे 'इमोज्या'च म्हणतात.