अनुभव धागा: रांधायची हौस असलेल्याला काय दिलं, तुम्हाला काय मिळालं?

सांबारवडी (धागाकर्ती): आज आठवडी बाजारात बिडाचे तवे रचून ठेवलेले दिसले आणि मामाची आठवण आली. माझ्या लग्नात सगळ्यांनी स्टीलचे डबे नाहीतर घड्याळं दिली, मामाने बिडाचा तवा दिला, तोही घरी वापरून वापरून काळा कुळकुळीत केलेला. सासरी कुजबुज, जुनं भांडं दिलं का काय! आता त्याच्यावर ज्वारीची धिरडी अशी सुटतात की उलथनं नावाला लागतं. तुमचेही लिहा, वस्तू, मसाला, काहीही.

तर्रीबाज: मेव्हण्याने चाकूंचा मोठा सेट दिला. कांदा अजून विळीवरच 😄

धाकटी_जाऊ: तवा नका काढू बाप्पा. मी दिवाळीत नणंदेला दिला, तिनं विचारलं ना पुसलं, वाटीभर तेल ओतून गॅसवर तापवला. थंड झाल्यावर गुळाच्या पाकासारखा चिकट, धिरडं तर निघेचना. आता तवा माळ्यावर अन् दोष माझा

भांडेवाले_काका: ताई, तवा चांगला आहे, तेल जास्त झालं. जाड थर वाळत नाही, वरून सुकतो अन् खाली चिकटच राहतो. उपाय सांगतो. तवा चुलीत निखाऱ्यावर उपडा ठेवा, चिकट जळून भुरा पडला की आपोआप गार होऊ द्या. गरम असताना पाणी टाकाल तर तडकेल, बीड ठिसूळ असतं. मग राख अन् काथ्याने घासा, धुवा, लगेच गॅसवर कोरडा करा. आता जवसाचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल चमचाभर, तेही फडक्याने सगळीकडे चोळायचं, अन् मुख्य म्हणजे दुसऱ्या कोरड्या फडक्याने असं पुसायचं जसं तेल चुकून सांडलं होतं. मग धूर निघून थांबेपर्यंत तापवायचा. असं तीनचारदा. हात लावल्यावर कोरडा अन् गुळगुळीत लागला म्हणजे जमलं. पहिल्यांदा त्यावर कांदा परता, मग जाड धिरडं. पहिलं एखादं चिकटेलच, घाबरू नका.

धाकटी_जाऊ: जवसाचं हार्डवेअरच्या दुकानात पण मिळते न, स्वस्त पडते

भांडेवाले_काका: अहो नाही नाही! ते लाकडाला अन् रंगाला, लवकर वाळावं म्हणून त्यात काय काय घालतात. घाणीवरचं खायचंच घ्या. जवसाचा थर कडक येतो पण कधीकधी पापुद्रे सुटतात, म्हणून मी स्वतः शेंगदाण्याचं वापरतो.

गोळाभात_प्रेमी: साबण लावला की तवा मेला समजा. आमच्या आईने कधीच लावला नाही

भांडेवाले_काका: थोडा लावून लगेच धुतला तर काही होत नाही, रात्रभर भिजत ठेवला तर गंज चढतो. खरा शत्रू आंबट आहे. चिंचेचा रस्सा नाहीतर टमाटे बिडात शिजवले की थर उतरतो अन् भाजीला लोखंडी चव येते.

सांबारवडी: मामाने सांगितलं नव्हतं हे, पण त्यात धिरडी अन् ठेचा सोडून काही केलंच नाही मी.

पुण्यातली_वऱ्हाडी: इंडक्शनवर चालतो का? माझ्याकडे गॅस नाही

गोळाभात_प्रेमी: चालते, पण एकदम फुल नको, हळूहळू वाढवा. काकांनी सांगितलं न, तडकते.

पुण्यातली_वऱ्हाडी: बरं मग कोणी गावाकडून पार्सल करेल का 🙏 तव्यासोबत भिवापुरी मिरची पण

कापूसवेचणी: मिरचीवरून सांगते, मसाला करणाऱ्याला तिखटाचा डबा देऊ नका, अख्खी मिरची द्या. मी बहिणीले किलोभर भिवापुरी अख्खी दिली अन् कांडपाची मजुरी पण देऊन टाकली, तिले साडीपेक्षा तेच आवडलं. घेताना देठ आहे का पाहा, दोनचार फोडून पाहा. आत बुरशी, काळं बी दिसलं की सोडून द्या, ती ओलीच भरलेली असते. अंगावर पांढरे चट्टे असले तरी नको. अन् पावसाळ्यात कोणाले देऊ नका, घरी पोहोचेपर्यंत दमट होते.

तर्रीबाज: सोबत वायगावची हळद असली की झालं, वर्धेकडची, मी तर तीच मागवतो. रंग असा की बोटं दोन दिवस पिवळी

नवी_सूनबाई: माझ्या सासूबाईंचा पाटा गुळगुळीत झाला, टाकी मारणारा आता गावात येत नाही. त्यांच्या वाढदिवसाला तेच करून द्यायचं आहे. यवतमाळकडे कोणी ओळखीचा आहे का? मिक्सर देऊन पाहिला, त्यांनी कपड्याखाली झाकून ठेवला

भांडेवाले_काका: सूनबाई, आमच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारा येतो, पण पक्कं सांगत नाही. मंगळवारी विचारून पाहतो.

धाकटी_जाऊ: काका, नणंदेला फोन केला. म्हणे तवा तू येऊन घास 😡